एकाच बाईची शुगर वाढलेली पण अन् कमी पण? डॉक्टर म्हणतात एन्झायटी आहे

मानेवाडा_एक्सप्रेस

नमस्कार मंडळी, बायकोबद्दल विचारायचं आहे, थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

वय ३२, साडेचार महिन्यांपूर्वी सिझर झालं, बाळ अंगावर पितं. गेल्या महिनाभरापासून तिला अचानक धडधड सुरू होते, हात थरथरतात, घाम फुटतो, आता काहीतरी होणार असं वाटतं. रात्री तीन-साडेतीनला दचकून उठते. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, नाडी ११२ पण बाकी नॉर्मल, म्हणाले पहिलं बाळ, झोप नाही, एन्झायटी आहे. रात्री झोपेची अर्धी गोळी दिली. आई म्हणते ओल्या बाळंतिणीला असं होतंच.

मग आम्हीच घरी माणूस बोलावून फुल बॉडी पॅकेज करून घेतलं, रिपोर्ट बघून डोकं चक्रावलं. हिमोग्लोबिन ९.६. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारं एचबीए१सी ५.९, शेजारी लिहिलंय प्रीडायबिटीज. आणि त्याच रिपोर्टात उपाशीपोटीची शुगर ५८, लाल अक्षरात. थायरॉईडची टीएसएच ०.०३, तेही लाल. आता शुगर वाढलेली समजू की कमी झालेली? प्रीडायबिटीज वाचल्यापासून तिने सकाळचा नाश्ता आणि भात बंद केलाय, आणि तेव्हापासून अकरा-साडेअकराला तर रोजच थरथर. प्रेग्नन्सीत शुगरची टेस्ट नॉर्मल होती.

हे सगळं एन्झायटी आहे का शरीराचं काही आहे, आणि आता नेमक्या कोणत्या टेस्ट करायच्या? पॅकेजवाल्यांचा फोन येऊन राहिला की अजून ८० टेस्टचं मोठं पॅकेज घ्या.

पाटणसावंगीचा_बाप्पा

काहून घाबरता भाऊ, शुगर कमीच होऊन राहिली आहे वहिनीची. ५८ म्हणजे कमीच नं. माझ्या सासऱ्याले असंच होत होतं, रात्री तीन वाजता घामानं गंजीफ्रॉक ओला, हात थरथर, आम्हाले वाटलं हार्ट अटॅक आला. मशीन लावली तं ५२. साखर दिली, पंधरा मिनिटात मस्त बसले उठून. गूळ-शेंगदाणे ठेवा उशाशी, धडधड झाली की खायचं. खाल्ल्यावर बरं वाटलं म्हणजे शुगरच समजा.

अनुजा_त्रिमूर्तीनगर

बाप्पा, तुमचे सासरे शुगरच्या गोळ्या घेतात का? ते महत्त्वाचं आहे ना.

पाटणसावंगीचा_बाप्पा

हो, ग्लिमेपिराईड घेतात सकाळ संध्याकाळ, अन् त्या दिवशी लग्नाच्या गडबडीत रात्री जेवलेच नव्हते.

संत्रानगरी_७७

माझी टीएसएच ६.२ आली आहे, मला पण छातीत धडधड होते आणि वजन वाढून राहिलं, कोबी फ्लॉवर बंद करू का? सोयाबीन पण बंद सांगितलंय कोणीतरी. कोणाला डाएट चार्ट असेल तर द्या.

डॉ_केतकी

मी मेडिसिनची डॉक्टर आहे, रामदासपेठेत बसते. पेशंट न बघता निदान करत नाही, पण रिपोर्ट कसे वाचायचे ते सांगते, कारण इथे तीन रिपोर्ट तीन दिशांना ओढताहेत आणि तिघांवरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही.

आधी बाप्पांचं. तुमच्या सासऱ्यांना जे झालं ते खरंखुरं हायपोग्लायसेमिया, म्हणजे शुगर पडणं होतं. ग्लिमेपिराईड पोटात आहे आणि जेवण नाही, मग गोळी रात्रभर इन्सुलिन सोडत राहते. ज्याला डायबिटीस नाही, गोळी नाही, इन्सुलिन नाही, त्याची शुगर नुसत्या उपाशी राहण्याने इतकी पडणं फार दुर्मिळ आहे, लिव्हर सांभाळून घेतं. आणि "खाल्ल्यावर बरं वाटलं" हा पुरावा धरू नका, कारण घबराटीचा झटकाही वीसेक मिनिटात आपोआप ओसरतो, मधल्या वेळात तुम्ही गूळ खाल्लेला असतो आणि श्रेय गुळाला जातं. शुगर कमी होती हे म्हणायला तीन गोष्टी एकत्र लागतात: त्रास चालू आहे, त्याच क्षणी मोजलेली शुगर कमी आहे, आणि शुगर वर आल्यावर त्रास गेला.

मानेवाडावाले, मला हे सांगा:
वजन कमी होतंय का, भूक कशी आहे, पातळ जुलाब?
झोपेत असताना नाडी मोजली आहे का?
केस गळण्यासाठी काही गोळी घेते का? बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस गळतात, बहुतेक जणी काहीतरी सुरू करतात.
सीबीसीचे बाकी आकडे काय, लाल पेशींचा आकार म्हणजे एमसीव्ही आणि त्यांची संख्या म्हणजे आरबीसी काउंट?
आणि दम्याचा त्रास कधी होता का?

संत्रानगरी, ६.२ टीएसएचने पॅनिकसारखी धडधड होणं जुळत नाही, दुसरं कारण शोधा. सहा-आठ आठवड्यांनी थायरॉईडचं हार्मोन फ्री टी४ आणि थायरॉईडविरुद्धची अँटीबॉडी अँटी-टीपीओ, यांच्यासोबत टीएसएच परत करा. शिजवलेल्या कोबीने काही होत नाही. वेगळा धागा काढाल तर बरं, इथे गुंतागुंत होईल.

लॅबवाला_धंतोली

५८ बद्दल माझं ऐकून घ्या. वीस वर्ष झाले मी पॅथॉलॉजीत काम करून राहिलो. घरून रक्त किती वाजता घेतलं आणि रिपोर्टवर "सॅम्पल रिसीव्ह्ड" किती वाजता लिहिलंय ते बघा. आणि शुगरची ट्यूब कोणत्या बुचाची होती? राखाडी बूच पाहिजे, त्यात फ्लोराईड असतं. साध्या लाल किंवा पिवळ्या बुचाच्या ट्यूबमधून शुगर लावली असेल तर गेम झाला समजा. रक्तातल्या पेशी जिवंत असतात, ट्यूबमध्ये बसून त्या साखर खात राहतात, साध्या खोलीच्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के. आणि आपल्या मार्चच्या उन्हात पोराच्या बॅगेत डिक्कीत ठेवलेली ट्यूब असेल तर अजून जास्त. पेशंटची शुगर ८० असते, मशीनवर जाईपर्यंत ६० होते. पेशंट ठणठणीत, ट्यूब हायपोमध्ये.

मानेवाडा_एक्सप्रेस

बाप रे. आत्ता बघितलं, कलेक्शन सकाळी ६:४०, रिसीव्ह्ड १०:५५. ट्यूबा दोन होत्या, एक जांभळी आणि एक पिवळी, हिला चांगलं आठवतं कारण बाळ पिवळ्या बुचाकडे हात करत होतं. राखाडी नव्हतीच.

डॉक्टर मॅडम, तुमचे प्रश्न:

वजन डिलिव्हरीनंतर आधी ६४ होतं, आता ५७. भूक भरपूर, आम्हाला वाटलं दूध पाजते म्हणून. पोट दिवसातून तीनदा साफ होतं. एक गोष्ट आता लक्षात येते, फेब्रुवारीत आम्ही पांघरूण घेऊन झोपायचो आणि ही कूलर काढा म्हणून मागे लागली होती, खस नवीन आणायच्या आधीच. आम्ही हसलो होतो.
झोपेत नाडी काल रात्री दीडला मोजली, एक मिनिट पूर्ण, १०४. गाढ झोपेत होती.
केसांसाठी गोळी चालू आहे, तिच्या मैत्रिणीने सांगितली, डबीवर बायोटिन १०००० एमसीजी लिहिलंय.
एमसीव्ही ७०, आरबीसी ४.३, आरडीडब्ल्यू १८.
दमा नाही.

डॉ_केतकी

छान, यातून बरंच उलगडतं. एकेक घेऊ.

झोपेतली १०४ नाडी मला सगळ्यात बोलकी वाटते. मनाच्या धास्तीने वाढलेली नाडी गाढ झोपेत सहसा खाली येते. थायरॉईडची नाडी झोपेतही वरच असते. हे काही शंभर टक्के नाही, ९.६ हिमोग्लोबिननेही नाडी वाढते, पण त्यात बसल्या-झोपल्या फार नाही, जिना चढताना जास्त. त्यात भूक चांगली असून वजन उतरणं आणि कूलर, हे तर थायरॉईडचंच गाणं आहे.

पण अडचण बायोटिनची. १०००० एमसीजी म्हणजे १० मिलिग्रॅम, हा डोस फार मोठा आहे. बऱ्याच मशीनची टेस्टच बायोटिनच्या चिकटण्यावर चालते, रक्तात जास्तीचं बायोटिन तरंगत असेल तर टीएसएच खोटीच कमी दिसते आणि फ्री टी४ खोटीच जास्त. म्हणजे कागदावर हुबेहूब हायपरथायरॉईड, थायरॉईडचं हार्मोन जास्त. ते खरं धरून कोणी थायरॉईड दाबणारी गोळी सुरू केली तर पंचाईत. ती डबी आजपासून बंद करा, किमान दोन दिवस, मी तीन म्हणेन, आणि मग टीएसएच, फ्री टी४, फ्री टी३ परत. सोबत टीएसएच रिसेप्टर अँटीबॉडी, म्हणजे ट्रॅब. लॅबला बायोटिनबद्दल सांगा.

सीबीसी: एमसीव्हीला आरबीसी काउंटने भागा, ७० भागिले ४.३ म्हणजे १६ च्या वर. १३ पेक्षा जास्त आलं की लोहाची कमतरता असण्याकडे झुकतं, १३ च्या आत आलं की थॅलेसेमिया मायनरचा संशय घ्यायचा. नुसता अंदाज आहे, खात्री फेरिटिननेच, ते लोहाचा साठा सांगतं. तेव्हा फेरिटिन करा. नुसतं सीरम आयर्न करू नका, ते सकाळ-संध्याकाळ बदलतं.

आता एचबीए१सी. लोह कमी असताना लाल पेशी जास्त दिवस फिरत राहतात, त्यांच्यावर साखर जास्त चढते, आणि एचबीए१सी खोटंच वर जातं. ५.७ च्या वर प्रीडायबिटीज लिहायचं हे मशीनला माहीत आहे, बाईला रक्त कमी आहे हे माहीत नाही. म्हणून हे ५.९ मी आज मोजतच नाही. लोह भरून निघाल्यावर बघू. तोवर नाश्ता आणि भात परत सुरू, आजच. पाजणाऱ्या बाईने उपाशी राहायचं कारण नाही.

अनुजा_त्रिमूर्तीनगर

मॅडम, पण इकडे विदर्भात सिकलसेल पण बघायला हवं ना? आमच्या घरी एकाला एएस पॅटर्न, म्हणजे सिकलचा ट्रेट आहे, त्याचं एचबीए१सी मशीन बदललं की वेगळंच यायचं.

डॉ_केतकी

अगदी बरोबर, आणि हे पुण्या-मुंबईचे डॉक्टर कधीकधी विसरतात. सिकल ट्रेट असला की काही पद्धतींनी एचबीए१सी चुकतं. मानेवाडावाले, गरोदरपणात सिकलिंगची टेस्ट झाली असेलच.

मानेवाडा_एक्सप्रेस

हो, निगेटिव्ह होती.

डॉ_केतकी

मग सिकलची चिंता मिटली बहुतेक. पण त्या साध्या टेस्टमध्ये थॅलेसेमिया मायनर कळत नाही, त्याला हिमोग्लोबिनचे एचबीए२ सारखे प्रकार वेगळे मोजणारी एचपीएलसी लागते. ती आत्ता लगेच करायची घाई नको. लोह कमी असताना एचबीए२ खोटं कमी येऊ शकतं आणि मायनर सुटून जातो. लोह भरल्यावरही एमसीव्ही खालीच राहिलं तर तेव्हा करा.

पाटणसावंगीचा_बाप्पा

म्हणजे गूळ नको? ग्लुकोज पाजून करतात ती जीटीटी पाच तासांची करून टाका नं मग, एकदाच काय ते समजते. माझ्या मेहुणीची केली होती, चौथ्या तासाले ५८ आली, तिले डॉक्टरनं सांगितलं रिॲक्टिव्ह हायपो आहे.

डॉ_केतकी

बाप्पा, रिॲक्टिव्ह हायपो असतं, नाकारत नाही, जेवल्यावर दोन-चार तासांनी होतं. पण ७५ ग्रॅम ग्लुकोज एकदम ढोसलं तर धडधाकट माणसांतल्याही बऱ्याच जणांची शुगर तिसऱ्या-चौथ्या तासाला ६० च्या आसपास जाते, आणि त्यांना काहीच होत नाही. म्हणून हायपो शोधायला ती टेस्ट वापरायची नसते. झटका आला तेव्हा मोजा, एवढंच.

घरी ग्लुकोमीटर आणा. हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे, मग टोचायचं. आधी मोजा, मग खा. सोबत चार गोष्टी वहीत लिहा: वेळ, शुगर, नाडी, शेवटचं कधी खाल्लं. ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यातून आणि पंधरा मिनिटांनी परत मोजा. ५४ च्या खाली आली तर साखर द्याच, पण त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, तेव्हा शिरेतून रक्त घेऊन इन्सुलिन आणि सी-पेप्टाइडपर्यंत जावं लागतं. मशीनला १५ पॉइंटची चूक माफ असते हे लक्षात ठेवा, ६८ आणि ७६ यात भांडण नको.

महालची_निशा

मला थोडं वेगळं वाटतं. एवढ्या टेस्ट करत बसलं की माणूस अजूनच घाबरतो. माझं स्वतःचं सांगते, दोन वर्षं मी थायरॉईड, बी१२, डी३, हार्ट, सगळं तपासत फिरले, सगळं नॉर्मल, शेवटी सायकियाट्रिस्टकडे गेले तेव्हा कुठे सुटले. ताईला खरंच पोस्टपार्टम एन्झायटी असू शकते ना? त्याला आपल्याकडे कोणी मोजतच नाही.

डॉ_केतकी

निशा, तुमचा मुद्दा पटतो, म्हणून मी ८० टेस्टच्या पॅकेजला नको म्हणते. सीबीसी, फेरिटिन, बायोटिन थांबवून थायरॉईड, झटक्याच्या वेळची शुगर, ईसीजी झालाच आहे. इतकंच. आणि तुमचं दुसरंही खरं, थायरॉईड सापडलं म्हणजे मन ठीकच असेल असं नाही, दोन्ही एकाच बाईत असू शकतं. मानेवाडावाले, तिला एकदा शांतपणे विचारा की रडू येतं का, बाळाला किंवा स्वतःला काही करावंसं वाटतं का. हो म्हणाली तर बाकी सगळं बाजूला, त्याच दिवशी दाखवा. रात्री-बेरात्री टेलिमानस १४४१६ आहे. झोपेची गोळी पाजताना चालू आहे हेही त्यांना सांगा, कशी कमी करायची ते तेच ठरवतील.

मानेवाडा_एक्सप्रेस

विचारलं. रडू येतं, पण तसलं काही मनात नाही म्हणाली. धन्यवाद मॅडम, हे मला सुचलंच नसतं.

वही चालू केली. पहिला झटका रात्री ३:१० ला, शुगर ९१, नाडी ११८. दुसरा सकाळी ११:३० ला, त्या दिवशी नाश्ता करूनही आला, शुगर ८४, नाडी १२२. तिसऱ्याला मात्र १९८ आली, आता ही काय भानगड? झटका आला तेव्हा ती स्वयंपाकघरात होती.

लॅबवाला_धंतोली

स्वयंपाकघरात काय करत होती?

मानेवाडा_एक्सप्रेस

संत्री सोलत होती, सासरच्या बागेतली मृग बहाराची शेवटची पेटी आली आहे.

लॅबवाला_धंतोली

हात धुतले?

मानेवाडा_एक्सप्रेस

टॉवेलला पुसले म्हणे 😅 धुवून परत घेतली, १०२.

लॅबवाला_धंतोली

हे घ्या. मशीनने बोटावरच्या संत्र्याची शुगर मोजली. अन् उलट विचार करा, खरंच कमी असती अन् हात संत्र्याचे असते तर नॉर्मल दिसून सुटली असती. सॅनिटायझरनं पुसून भागत नाही, साबण-पाणीच.

डॉ_केतकी

मग शुगरचा अध्याय मिटवा. तीन झटके, तिन्ही वेळा शुगर ठीक, नाडी मात्र धावतेय. ५८ ट्यूबमधलं, ५.९ लोहाचं. थायरॉईड आणि फेरिटिन कधी येताहेत?

मानेवाडा_एक्सप्रेस

आले. या वेळी लॅबमध्ये जाऊन रक्त दिलं, बायोटिन बंद करून चौथा दिवस होता.

टीएसएच ०.०२. फ्री टी४ २.३, नॉर्मल ०.९ ते १.७ लिहिलंय. फ्री टी३ थोडी वर. ट्रॅब निगेटिव्ह. अँटी-टीपीओ त्यांनी आपणहून लावली, ती भरपूर पॉझिटिव्ह. फेरिटिन ६.

म्हणजे बायोटिन निर्दोष सुटलं का? धंतोलीत एंडोक्रायनॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट शुक्रवारची मिळाली. एक नातेवाईक केमिस्ट आहेत, ते म्हणतात तोवर कार्बिमाझोल सुरू करून टाका, हायपरला तीच देतात.

डॉ_केतकी

नका सुरू करू. मुद्दाम एका शब्दात लिहिते, नको.

टीएसएच खरोखरच खाली आहे हे आता पक्कं. पण हायपर दोन तऱ्हांनी होतं. एकात ग्रंथी जोरात हार्मोन बनवत असते, तो ग्रेव्ह्ज, त्यात कार्बिमाझोल काम करते कारण ती बनवणं थांबवते. दुसऱ्यात ग्रंथीला सूज येते आणि आधीच भरून ठेवलेला साठा रक्तात गळतो. बाळंतपणानंतर एक ते सहा महिन्यांत हा दुसरा प्रकार येतो, पोस्टपार्टम थायरॉइडायटिस. बनवणं थांबवून काय उपयोग, गळती चालूच राहणार. उलट पुढे हा साठा संपला की थायरॉईड कमी पडायच्या टप्प्यात जातं, तेव्हा ती गोळी पोटात असेल तर अजून खोल खड्ड्यात.

ट्रॅब निगेटिव्ह, टीपीओ पॉझिटिव्ह, साडेचार महिने, फ्री टी४ मध्यमच वाढलेली, डोळे बाहेर आल्यासारखे नसतील तर मला थायरॉइडायटिस जास्त वाटतो. ग्रेव्ह्ज पूर्ण बाद झाला असं मात्र म्हणत नाही. खरा निवाडा स्कॅनने होतो, पण पाजणाऱ्या आईला तो करताना दूध थांबवण्याची भानगड असते, म्हणून बहुतेक एंडोक्रायनॉलॉजिस्ट थांबून, चार-सहा आठवड्यांनी परत मोजून बघतात. शुक्रवारी तेच सांगतील असा माझा अंदाज. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल कमी डोसमध्ये देतील, पाजताना चालते. दमा नाही हे मी म्हणूनच विचारलं होतं.

फेरिटिन ६ म्हणजे टाकी रिकामी. १५ च्या खाली कमतरता, बरेच जण ३० धरतात. ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं वर जातं, खोटं खाली मात्र जात नाही, त्यामुळे ६ वर वाद नाही.

पाटणसावंगीचा_बाप्पा

प्रोप्रॅनोलॉलनं शुगर कमी झालेली समजत नाही म्हणते. सासऱ्याले देऊ नका म्हणून सांगितलं होतं.

डॉ_केतकी

तुमच्या सासऱ्यांसाठी ते बरोबर सांगितलं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडवाल्याची थरथर आणि धडधड त्याने झाकली जाते, घाम मात्र झाकला जात नाही. इथे शुगर पडतच नाही, तेव्हा तो धोका जवळपास नाही.

महालची_निशा

आयर्नच्या गोळीने पोट बिघडतं, मी सोडून दिली होती. त्यापेक्षा अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, खजूर चालतील ना?

डॉ_केतकी

लाडू खाऊ द्या, पण फेरिटिन ६ लाडवाने भरत नाही. गोळी एक दिवसाआड घेतली तरी शोषण चांगलं होतं आणि पोटालाही सोसते. चहाच्या एक-दोन तास आगेमागे नको, लिंबूपाण्यासोबत घ्या, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाचा रंग काळा होतो, घाबरू नका. हिमोग्लोबिन नॉर्मल आल्यावरही तीनेक महिने चालू, नाहीतर टाकी रिकामीच राहते, बहुतेक लोक इथेच सोडतात.

मानेवाडा_एक्सप्रेस

अपडेट. मध्ये बाळाचं बोरन्हाण राहिलं होतं की काय म्हणून आईचं वेगळंच चालू होतं, लिहायला उशीर झाला.

एंडोक्रायनॉलॉजिस्टनी हुबेहूब तेच सांगितलं, पोस्टपार्टम थायरॉइडायटिस वाटतो, कार्बिमाझोल नको, प्रोप्रॅनोलॉल दिली. आठवड्यात धडधड निम्म्यावर आली, रात्रीचं उठणं जवळपास बंद. आयर्न एक दिवसाआड चालू.

आता सहा आठवड्यांनंतरचे रिपोर्ट: हिमोग्लोबिन ११.७, एमसीव्ही ७८. टीएसएच ११.८, फ्री टी४ ०.८. म्हणजे आता उलटच झालं! प्रोप्रॅनोलॉल बंद केली त्यांनी. ही आता दिवसभर थकलेली असते, मे महिन्यात लोक पंख्याखालून उठत नाहीत आणि ही कूलर बंद कर म्हणते. थायरॉक्सिन सुरू करू म्हणाले. हिला भीती की एकदा लागली की जन्माची लागते.

आणि एक राहिलंच. धडधड नाही तरी गर्दीत गेलं की हिला अजूनही घाबरायला होतं. परवा सीताबर्डीवर मेन रोडला खरेदीला गेलो, अर्ध्यातून परत आलो. नाडी मोजली ८४.

संत्रानगरी_७७

थायरॉईडची गोळी एकदा सुरू झाली की कधीच सुटत नाही, माझ्या तिन्ही मावश्या घेतात.

डॉ_केतकी

मावशांचा प्रकार बहुधा वेगळा असेल. पोस्टपार्टम थायरॉइडायटिसमध्ये बऱ्याच जणींची ग्रंथी वर्षाच्या आत परत कामाला लागते. टीएसएच १० च्या वर, त्रास आहे, पाजतेय, म्हणून मीही गोळी दिली असती. वर्षभराने हळूहळू कमी करून बघतात. काही जणींना कायम लागते, टीपीओ पॉझिटिव्ह असली की ती शक्यता जास्त, तुमच्या मिसेस कुठल्या गटात आहेत हे आज कोणी सांगू शकत नाही. पुढच्या बाळंतपणात हे परत होऊ शकतं, तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगा.

थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी, नाश्ता अर्ध्या-पाऊण तासाने, आणि आयर्नची गोळी तिच्यापासून चार तास लांब. दोन्ही एकत्र गिळल्या तर थायरॉक्सिन वाया जाते आणि टीएसएच का उतरत नाही म्हणून डोस वाढत राहतो.

सीताबर्डीचं वाचलं. नाडी ८४ असताना जे होतंय ते थायरॉईडवर ढकलू नका. दोन महिने शरीराने घाबरवलं की मनाला सवय लागते, किंवा ते आधीपासूनच असेल. निशा म्हणत होत्या ते इथे लागू पडतं.

महालची_निशा

ताईला वाटलं तर मला मेसेज करू दे. मी ज्यांच्याकडे जाते त्यांचं नाव इथे उघड टाकत नाही, पण तिला सांगेन.

मानेवाडा_एक्सप्रेस

सांगतो तिला. आयर्न आता दुपारी जेवणानंतर ठेवली आहे, दोन वाजता. एचबीए१सी परत कधी करू?

डॉ_केतकी

फेरिटिन भरल्यावर, अजून तीन-चार महिन्यांनी. तोवर शंका वाटली तर उपाशीपोटीची साधी शुगर करा.

लॅबवाला_धंतोली

अन् ती लॅबमध्ये येऊन. राखाडी बूच बघून घ्या टोचायच्या आधी.